विश्लेषण : नव्या संकेतस्थळाचे नाव आणि चिन्ह गूगलवर चुकीचे का दिसते?

संकेतस्थळ तयार होते, सुरू होते, घरातले सगळे मोबाइलवर उघडून पाहतात. मग कुणीतरी गूगलवर शोधते आणि हिरमोड होतो. दुकानाच्या नावाच्या जागी नुसता इंटरनेटचा पत्ता, आणि हौसेने करून घेतलेल्या लोगोच्या जागी राखाडी पृथ्वीगोल. काही वेळा तर नावाच्या जागी चक्क ‘होम’ दिसते. संकेतस्थळ बनवणाऱ्याला फोन केला की उत्तर ठरलेले असते : ‘गूगलला वेळ लागतो, होईल आपोआप.’ कधी होतेही. पण बऱ्याचदा महिना उलटला तरी काही बदलत नाही, कारण अडचण गूगलच्या वेगाची नसते. पानावरच परस्परविरोधी माहिती दिलेली असते. ती दुरुस्त करायला थोडकाच वेळ पुरतो, पण नेमके काय दुरुस्त करायचे हे ठाऊक हवे.

नाव आणि चिन्ह म्हणजे नेमके काय?

गूगलच्या शोध निकालात प्रत्येक नोंदीच्या वरच्या बाजूला एक छोटे चिन्ह असते, त्याच्या शेजारी संकेतस्थळाचे नाव आणि नावाखाली पत्ता. त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत दिसते ते त्या विशिष्ट पानाचे शीर्षक. या दोन गोष्टींची गल्लत अनेक जण करतात. शीर्षक प्रत्येक पानाचे वेगळे असते. नाव आणि चिन्ह मात्र संपूर्ण संकेतस्थळाला मिळून एकच असते. त्यामुळे एखाद्या पानाचे शीर्षक कितीही वेळा बदलले, तरी वरचे नाव त्याने बदलत नाही.

चिन्हाला तांत्रिक भाषेत ‘फेव्हिकॉन’ म्हणतात. ब्राउजरच्या टॅबवर दिसते तेच हे चित्र. मोबाइलवरच्या शोध निकालांत ते मे २०१९ पासून दिसू लागले. संकेतस्थळाचे नाव ऑक्टोबर २०२२ मध्ये आधी मोबाइलवर आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व जपानी या चारच भाषांत आले. पुढे ते संगणकावर आणि इतर भाषांतही दाखवले जाऊ लागले. त्याआधी ग्राहकाला फक्त पत्ता दिसत असे. आता पत्त्याआधी नाव वाचले जाते, म्हणून ते चुकले की लगेच खटकते.

गूगल हे नाव ठरवते कसे?

येथेच मूळ गैरसमज आहे. सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत सेवेत ‘माझ्या संकेतस्थळाचे नाव अमुक’ असे भरण्याचा रकाना नाही. पैसे भरूनही ते ठरवून घेता येत नाही. गूगल मुखपृष्ठ वाचते आणि तिथल्या खुणांवरून नाव ताडते. त्यातली सर्वात महत्त्वाची खूण म्हणजे मुखपृष्ठाच्या कोडमध्ये यंत्रासाठी लिहिलेली माहिती, म्हणजे ‘स्ट्रक्चर्ड डेटा’. त्याखेरीज पानाचे शीर्षक, पानावरचे मोठे मथळे, समाजमाध्यमांसाठी दिलेले `og:site_name` हे नाव आणि इतर ठिकाणाहून या मुखपृष्ठाकडे येणाऱ्या दुव्यांतला मजकूर याही खुणा विचारात घेतल्या जातात.

या सगळ्या खुणा एकच नाव सांगत असतील तर काम सोपे होते. चार खुणा चार नावे सांगत असतील, तर गूगल आपल्याला योग्य वाटेल ते उचलते किंवा सरळ पत्ता दाखवून मोकळे होते. नव्या संकेतस्थळाबाबत हे अधिक घडते, कारण बाहेरून येणारे दुवे जवळपास नसतातच. मुखपृष्ठ काय सांगते, त्यावरच सारी भिस्त असते.

मुखपृष्ठ म्हणजे पत्त्याचे मूळ, हेही लक्षात ठेवायला हवे. `https://aamrai.example/` हे मुखपृष्ठ झाले. `https://aamrai.example/shop/` हे नव्हे. त्या आतल्या पानावर नाव कितीही व्यवस्थित लिहिले तरी त्याचा उपयोग होत नाही. दुसऱ्याच्या मोठ्या संकेतस्थळात एखादे पान घेऊन दुकान थाटणाऱ्यांच्या वाट्याला यामुळेच स्वतःचे नाव येत नाही. तिथे त्या मोठ्या संकेतस्थळाचेच नाव दिसते. स्वतःचे नाव हवे असेल तर स्वतःचे डोमेन किंवा निदान सबडोमेन हवे.

एक उदाहरण : चार ठिकाणी चार नावे

कोकणातल्या एका काल्पनिक बागायतदाराचे उदाहरण घेऊ. दुकानाच्या पाटीवर ‘आमराई फळे’ असे नाव आहे आणि पत्ता `aamrai.example`. संकेतस्थळ तयार साच्यातून बनवले. शोध निकालात मात्र नुसते `aamrai.example` आणि पृथ्वीगोल.

मुखपृष्ठाचा कोड उघडल्यावर कारण दिसते. संगणकावर पानावर उजवी कळ दाबून `View page source` निवडले की हा कोड वाचता येतो. शीर्षकात लिहिले आहे फक्त ‘Home’. `og:site_name` मध्ये साच्यासोबत आलेले ‘My Website’ तसेच राहिले आहे. मोठा मथळा ‘आपले स्वागत आहे’ असा आहे. आणि स्ट्रक्चर्ड डेटात `Organization` या प्रकाराखाली कागदोपत्री असलेले कंपनीचे लांबलचक इंग्रजी नाव. ‘आमराई फळे’ हे नाव केवळ लोगोच्या चित्रात आहे. म्हणजे माणसाला ते सर्वात आधी दिसते, पण पानाच्या मजकुरात ते कुठेच लिहिलेले नाही. अशा वेळी गूगलने पत्ता दाखवला तर त्याला दोष देता येणार नाही.

दुरुस्ती अशी. मुखपृष्ठाच्या `<head>` भागात पुढील ओळी हव्यात :

```
<title>आमराई फळे - हापूस थेट बागेतून</title>
<meta property="og:site_name" content="आमराई फळे">
<link rel="icon" href="/favicon.png">
<script type="application/ld+json">
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "WebSite",
  "name": "आमराई फळे",
  "alternateName": ["Aamrai Phale", "aamrai.example"],
  "url": "https://aamrai.example/"
}
</script>
```

यात प्रकार `WebSite` असणे आवश्यक आहे. `Organization` हा प्रकार संस्थेची माहिती देण्यासाठी आहे. तो असायला हरकत नाही, पण तो `WebSite` ची जागा घेत नाही. `name` म्हणजे पहिली पसंती. `alternateName` म्हणजे ती पसंती गूगलला मान्य झाली नाही तर विचारात घ्यायची पर्यायी नावे, पसंतीच्या क्रमाने. त्यात शेवटी छोट्या लिपीतला डोमेनचा पत्ता ठेवणे शहाणपणाचे असते, म्हणजे भलतेच नाव येण्यापेक्षा निदान आपला पत्ता तरी दिसेल. `url` मध्ये मुखपृष्ठाचा मूळ पत्ता जसाच्या तसा हवा. संकेतस्थळ `www` लावून आणि न लावता अशा दोन्ही पत्त्यांवर उघडत असेल, तर दोन्हीकडे हीच माहिती असली पाहिजे.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांना कोडला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही. योस्टसारख्या प्लगइनमध्ये संकेतस्थळाचे नाव आणि पर्यायी नाव यांचे रकाने असतात. ते भरले की वरची माहिती आपोआप तयार होते. मात्र एकाच वेळी दोन प्लगइन हेच काम करत असतील तर दोन वेगळी नावे छापली जातात आणि गोंधळ पुन्हा सुरू होतो. म्हणून रकाने भरल्यावरही पानाचा कोड एकदा उघडून `WebSite` हा शब्द किती वेळा येतो ते पाहावे.

नाव कोणते निवडावे?

येथे मोह आवरण्याची गरज आहे. शोधात वर येण्यासाठी अनेक जण नावाच्या जागी ‘देवगडचा सर्वोत्तम हापूस आंबा ऑनलाइन’ असे काहीतरी लिहितात. हे नाव नाही, जाहिरात आहे. अशी सर्वसाधारण वर्णने संकेतस्थळाचे नाव म्हणून गूगल सहसा स्वीकारत नाही, आणि मग पुन्हा पत्ताच दिसतो. वर्णनाची जागा शीर्षकात आहे. तिथे ‘हापूस थेट बागेतून’ खुशाल लिहावे. नाव छोटे ठेवावे. लांबीची ठरावीक मर्यादा नसली तरी मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब नाव मध्येच तोडले जाते. नुसते ‘आमराई’ असे नाव ठेवण्यातही धोका आहे. तो सर्वसामान्य शब्द आहे आणि त्यातून कुणाची ओळख पटत नाही.

मराठी व्यावसायिकांपुढे आणखी एक प्रश्न असतो : नाव देवनागरीत द्यावे की रोमन लिपीत? पर्यायी नावात दुसरी लिपी दिली की मराठीत शोधणाऱ्याला मराठी आणि इंग्रजीत शोधणाऱ्याला इंग्रजी नाव दिसेल, अशी अनेकांची समजूत असते. पर्यायी नाव त्यासाठी नाही. ते केवळ राखीव नाव आहे. म्हणून निवड एकदाच आणि विचारपूर्वक करावी. दुकानाच्या पाटीवर, बिलावर आणि पिशवीवर जे छापले आहे, तेच नाव येथे द्यावे. ग्राहक ते ओळखतो. पाटी देवनागरीत असेल, तर केवळ ‘इंग्रजीत दिलेले बरे’ म्हणून नाव रोमन करण्याचे कारण नाही.

चिन्ह दिसत नाही, ते का?

चिन्हाचे नियम नावापेक्षा सोपे आहेत. चित्र चौरस हवे. किमान आकार ८ बाय ८ पिक्सेल असला तरी गूगलची शिफारस ४८ बाय ४८ पेक्षा मोठ्या चित्राची आहे. वर्डप्रेस ‘साइट आयकॉन’साठी ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे चित्र मागते, तेच वापरले तर चिंता नाही. दुकानाचा आडवा, लांब लोगो तसाच चढवणे ही नेहमीची चूक. तो शोध निकालातल्या चिमुकल्या गोलात वाचताच येत नाही. लोगोतले एखादे ठळक अक्षर किंवा आकृती वेगळी काढून, भरीव पार्श्वभूमीवर बसवावी. पारदर्शक पार्श्वभूमीवरचे पांढरे अक्षर पांढऱ्या पानावर नाहीसे होते, हेही लक्षात घ्यावे.

चित्र योग्य असूनही पृथ्वीगोल दिसत असेल, तर बहुधा गूगलला ते चित्र उचलता येत नाही. पान वाचणारा गूगलबॉट आणि चित्रे उचलणारा गूगलबॉट-इमेज असे दोन वेगळे यंत्रवाचक यात असतात; पहिल्याला मुखपृष्ठ आणि दुसऱ्याला चिन्हाची फाइल खुली असावी लागते. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे `/robots.txt` लिहिले की कोणाला कुठे मज्जाव आहे ते कळते. तिथे असे काही आढळले आणि चिन्हाची फाइल याच फोल्डरमध्ये असली, तर कारण सापडले :

```
User-agent: *
Disallow: /images/
```

उपाय सोपा आहे. चिन्हाची फाइल त्या फोल्डरबाहेर, मुळाशी ठेवावी आणि `<link rel="icon">` मध्ये नवा पत्ता द्यावा. मग त्या फाइलचा पत्ता वारंवार बदलू नये.

चिन्हाच्या बाबतीत एक अडचण मात्र भारतीय दुकानदारालाच भेडसावू शकते. गूगलच्या नियमानुसार अश्लील किंवा द्वेषमूलक चित्र चिन्ह म्हणून चालत नाही. तसे आढळल्यास ते काढून त्या जागी साधे चिन्ह दाखवले जाते. द्वेषमूलक चिन्हाचे उदाहरण म्हणून त्या नियमांत नाव आहे ते स्वस्तिकाचे. त्यामागे नाझी जर्मनीचा इतिहास आहे हे उघड आहे. पण वहीपूजनापासून उंबरठ्यापर्यंत जिथे स्वस्तिक शुभ मानले जाते, तिथल्या किराणा दुकानाचा किंवा पूजासाहित्याच्या विक्रेत्याचा लोगो यात अडकू शकतो. त्या नियमाच्या शब्दांत हा फरक केलेला नाही आणि त्यावरची टीका रास्तच आहे. मात्र टीका करत असताना पृथ्वीगोल तसाच राहतो. म्हणून स्वस्तिक पानावरच्या लोगोत ठेवून, छोट्या चिन्हासाठी कलश, पणती किंवा नावाचे आद्याक्षर वापरणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

सगळे बरोबर असूनही बदल का होत नाही?

आधी मुखपृष्ठ गूगलच्या नोंदीत आहे का ते पाहावे. सर्च कन्सोलमध्ये `URL Inspection` या ठिकाणी मुखपृष्ठाचा पत्ता टाकला की ते कळते. नोंद नसेल, तर नाव आणि चिन्हाचा प्रश्नच उद्भवत नाही. काम सुरू असताना वर्डप्रेसमध्ये शोधयंत्रांना दूर ठेवण्याची खूण केलेली असते आणि ती काढायची राहून जाते, असेही घडते.

दुसरा अडथळा सहज लक्षात येत नाही. सायबर हल्ले टाळण्यासाठी काही जण भारताबाहेरून येणारी सगळी वर्दळ बंद करतात. गूगलबॉट मात्र बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. मालकाच्या मोबाइलवर संकेतस्थळ झटकन उघडते आणि गूगलला दार बंद मिळते. `URL Inspection` मधील `Test live URL` ही चाचणी केली की हे उघड होते. चाचणी यशस्वी झाली तर तिथेच गूगलला दिसलेला कोड वाचता येतो. त्यात `WebSite` ची माहिती आणि `rel="icon"` ची ओळ असली, तर आपल्या बाजूचे काम झाले.

त्यानंतर `Request Indexing` हे बटण एकदा दाबावे आणि थांबावे. बदल दिसायला काही दिवस लागतात, कधी काही आठवडेही. नाव आणि चिन्ह एकाच वेळी बदलतील असेही नाही. या काळात अस्वस्थ होऊन दर दोन दिवसांनी नाव बदलणे, चिन्हाची फाइल नव्या नावाने चढवणे यातून फायदा काहीच होत नाही. उलट गूगलपुढे पुन्हा वेगवेगळ्या खुणा येतात. ‘२४ तासांत लोगो दाखवून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्यांकडे असे कोणतेही खास बटण नसते, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

आणि सारे योग्य असूनही गूगल वेगळे नाव दाखवू शकते. अंतिम निर्णय त्याच्या यंत्रणेचा आहे. पहिली पसंती आणि पर्यायी नावे सगळी नाकारली जात असतील, तर `name` मध्येच डोमेनचा पत्ता लिहिणे हा शेवटचा उपाय उरतो. चुकीच्या नावापेक्षा अचूक पत्ता केव्हाही बरा.

नाव दिसले म्हणजे विश्वास ठेवावा का?

नाही. मालकाला जितक्या सहजतेने आपले नाव लिहिता येते, तितक्याच सहजतेने भामट्यालाही दुसऱ्याचे लिहिता येते. दिशाभूल करणारी नावे गूगलच्या नियमांत बसत नाहीत. तरी शोध निकालातले नाव आणि चिन्ह म्हणजे ओळखीची पडताळणी नव्हे. बँकेचे, विजेच्या बिलाचे किंवा सरकारी योजनेचे संकेतस्थळ उघडताना ग्राहकाने नावाखालचा बारीक अक्षरातला पत्ताच वाचायला हवा.

मग प्रामाणिक व्यावसायिकाने याची तसदी का घ्यावी? कारण नाव आणि पत्ता एकमेकांशी जुळतात की नाही, हे तपासण्याची संधी ग्राहकाला तेव्हाच मिळते. ‘Home’ आणि पृथ्वीगोल पाहून ग्राहकाला काहीच ताडून पाहता येत नाही. म्हणूनच हे काम संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. रंग, छायाचित्रे, फोन क्रमांक जसे तपासून घेतले जातात, तसे मुखपृष्ठाच्या कोडमधले नाव, चिन्हाची फाइल आणि `Test live URL` चा निकाल या तीन गोष्टी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी समोर बसून पाहून घ्याव्यात. ‘होईल आपोआप’ हे उत्तर त्यानंतरच स्वीकारावे.